येणे व्याज

बारा टक्के. महिनाभर आमच्या डेपोत दुसरा विषय नव्हता. वर्कशॉपमध्ये गाडीखाली आडवा झालेला मेकॅनिक तिथूनच विचारायचा, "बाई, बारा टक्के नक्की ना?" मी पासच्या खिडकीवर बसते. पास काढणं आणि लोकांची बोलणी खाणं हे माझं काम. त्या महिन्यात बोलणी कमी झाली आणि चौकश्या वाढल्या, कारण मी डेपोच्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेची खजिनदारही आहे. मागच्या वर्षी संस्थेनं भागांवर सात टक्के लाभांश दिला होता, त्याच्या आदल्या वर्षी साडेसहा. यंदा नफाच मुळी आठ लाखांचा. चेअरमननं तर उत्साहाच्या भरात गेट मीटिंगमध्ये माईकवरून बारा टक्के जाहीर करून टाकले होते, आणि पुढच्याच महिन्यात संचालक मंडळाची निवडणूक होती. म्हणजे एकूण सगळं चेअरमनच्या पथ्यावर पडलेलं.

चेअरमन म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो तिसरीत होता, सासूबाई नुकत्याच गेलेल्या. त्याचं नाक पुसण्यापासून ड्रायव्हिंगच्या परीक्षेला सोबत जाण्यापर्यंत सगळं मीच केलं. डेपोत मी त्याला चेअरमनसाहेब म्हणते, घरी धाकट्या म्हणते. तो वरच्या मजल्यावर राहतो, आम्ही खाली, पण चहाला अजून खालीच येतो. माझा मुलगाच तो, यात लपवण्यासारखं काही नाही.

एकदा लहानपणी कोपऱ्यावरच्या वाण्यानं चुकून त्याला जास्त सुट्टे दिले, तर हा नाचत घरी आला. मी म्हटलं, परत देऊन ये. तो म्हणाला, तूही चल. मी गेले, पण दुकानाच्या पायरीपर्यंतच. "वहिनी, आत चल ना," म्हणून तो रडकुंडीला आला. मी म्हटलं, घेतलेस तू, देणारही तूच. मी बाहेरच उभी राहिले. तो आत गेला आणि लालबुंद तोंडानं बाहेर आला. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आणि तो मान खाली घालून हसायचा.

आता पाकिटांचं सांगते, कारण घोळ तिथेच आहे. इतर संस्थांत लाभांश सभासदाच्या खात्यात जमा होतो. आमच्या लोकांना तो हातात हवा. म्हणून वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी संचालक मंडळ बसून नावानिशी पाकिटं भरतं, आणि नफा वाटणीचा ठराव मंजूर झाला की कॅन्टीनच्या हॉलच्या दारात ती वाटली जातात. ज्यांना सभेच्या दिवशी लांबच्या गाडीवर जायचं असतं त्यांना सकाळीच दिली जातात. ती 'ड्युटीवाल्यांची पाकिटं'. नियमाप्रमाणे सभेनं ठराव केल्याशिवाय लाभांशाचा एक पैसाही हलवता येत नाही. पण आमच्याकडे हा ठराव कधी अडला नव्हता. त्यामुळे यात काही गैर आहे असं कोणाला वाटायचंच नाही. मलाही नाही. यंदा सभेच्या रविवारी पहाटे माझा नवरा लांबच्या गाडीवर निघाला तेव्हा जाताना त्याचं पाकीट माझ्याकडे देऊन गेला, आणि मी ते पर्समध्ये टाकलं.

सभा अकराला होती. मी नऊलाच संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसले. ऑफिस म्हणजे टायरच्या गोदामाशेजारची खोली. एक कपाट, दोन टेबलं आणि रबराचा वास. कोणी काही विचारलं तर कागद हाताशी असावा, म्हणून मी फाइल लावत होते. सगळ्यात वर राखीव निधीच्या ठेवीची पावती ठेवली.

राखीव निधी म्हणजे संस्थेच्या पाठीचा कणा. दरवर्षी नफ्यातला पाव हिस्सा आधी त्यात जातो, मग लाभांशाचं बोलायचं. सभासद नोकरी सोडून गेला तर त्याला त्याच्या भागांची रक्कम परत मिळते, पण राखीव निधीतलं काही मिळत नाही. तो कोणा एकाचा नाही. तो कोणाला वाटायचा नाही. म्हणूनच तो आम्ही बँकेत वेगळा ठेवतो. त्यातली बारा लाखांची पाच वर्षांची ठेव यंदा वर्षअखेरीला मुदत संपून व्याजासकट आली. सतरा लाखांच्या आसपास झाले, आणि ते सगळेच्या सगळे आम्ही पुन्हा ठेवले. नवी पावती माझ्या हातात होती. छापील अहवालातल्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ती रक्कम सापडली, मी पेन्सिलीनं खूण केली. आणि नजर खालच्या ओळीवर गेली.

'गुंतवणुकीवरील येणे व्याज : तीन लाख पंच्याऐंशी हजार.'

येणे? कोणाकडून? संस्थेची दुसरी ठेवच नव्हती. बँकेनं तर पाचही वर्षांचं व्याज दिलं होतं, पावती माझ्या समोर होती. मग आणखी पावणेचार लाखांवर रक्कम आम्हाला कोण देणार होतं?

हा ताळेबंद मी किमान चार वेळा वाचला होता. खाली माझी सही होती. पण वाचताना मी कायम नफ्याकडे बघायचे, आणि नफा बघून माणूस खूश असला की खालच्या ओळी कोण वाचतो!

आमचा हिशेबनीस हॉलमध्ये खुर्च्या लावत होता. जुना हिशेबनीस निवृत्त झाल्यावर हा आला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. मी त्याला हाक मारून बोलावलं.

"ठेवीचं व्याज आलं ते कुठे जमा केलंस?"

"मिळालेल्या व्याजात," तो म्हणाला. "जवळपास पाच लाख आले ना बाई. व्याज आलं, उत्पन्नात घेतलं."

"सगळं?"

"सगळं. का?"

"आणि जुने हिशेबनीस काय करायचे? ठेव पाच वर्षांची होती. व्याज शेवटी मिळणार होतं. मधली चार वर्षं त्यांनी काय केलं?"

त्यानं कपाटातून मागचे अहवाल काढले. आम्ही दोघंही टेबलावर वाकून बघत होतो. जुन्या माणसानं बरोबर केलं होतं. दरवर्षी त्या वर्षापुरतं व्याज तो उत्पन्नात धरायचा आणि बँकेकडून 'येणे' म्हणून मालमत्तेत दाखवायचा. ते व्याज त्या त्या वर्षीच्या नफ्यात आलं होतं, त्यातून राखीव निधीला पाव हिस्सा गेला होता, लाभांशही वाटला होता. यंदा पैसे हातात आल्यावर आधी ते 'येणे' पुसायला हवं होतं, आणि फक्त शेवटच्या वर्षाचं व्याज उत्पन्नात यायला हवं होतं. यानं पाचही वर्षांचं घेतलं.

"म्हणजे चार वर्षांचं व्याज दोनदा नफ्यात आलं," तो हळूच म्हणाला, आणि खुर्ची धरून बसला. "पण बाई, ताळेबंद जुळला होता हो."

"जुळणारच. इकडे खोटा नफा, तिकडे खोटं येणं. दोन्ही पारड्यांत सारखीच धोंड."

आकडे मांडायला पाच मिनिटं लागली. आठ लाखांतून तीन लाख पंच्याऐंशी हजार गेले की उरले चार लाख पंधरा हजार. चाळीस लाखांच्या भागभांडवलावर बारा टक्के म्हणजे चार लाख ऐंशी हजार. अख्खा नफा राखीव निधीला काही न देता वाटून टाकला तरी पुरणार नव्हता. नियमानं पाव हिस्सा बाजूला काढला तर जेमतेम पावणेआठ टक्के बसत होते. बाकीचे पैसे कुठून जाणार? सभासदांनी संस्थेत ठेवलेल्या ठेवींतून. पाकिटं तर खऱ्या नोटांची होती, आणि ती भरून कोपऱ्यातल्या खोक्यांत ठेवलेली होती.

मी लेखापरीक्षकांना फोन लावला. त्यांनी आधी उडवाउडवी केली, मग कागद काढायला गेले. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माझ्याही नजरेतून सुटलं. दुरुस्त ताळेबंद करून देतो. पण आज तो मंजूर करून घेऊ नका, आणि नफा वाटणीचा ठराव तर मुळीच नको. सभा तहकूब करा."

फोन ठेवला तर दारात धाकटा उभा. नवा इस्त्रीचा शर्ट, खिशाला बिल्ला. हिशेबनीसाचा चेहरा बघून त्यानं त्याला खुर्च्या मोजायला पाठवलं आणि दार लोटलं.

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर खोक्यांवर होती. त्याला हिशेब कळत नाही असं कोणी समजू नये. माझं बोलून संपायच्या आत त्याला कळलं होतं.

"पुढच्या वर्षी वजा करू," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी कशातून? ते येणं कधीच येणार नाही, धाकट्या. आज वाटलं की पैसे गेले."

"वहिनी, बाहेर बघ जरा. लोक यायला लागलेत. त्यांना काय सांगू? बारा म्हणालो होतो, आता शून्य? आणि सकाळी वीसेक पाकिटं देऊन झालीत. दादाचं पण."

"माहीत आहे."

"मी माईकवर बोललोय." त्यानं खिशावरचा बिल्ला चाचपला. "निवडणुकीत तो टायरवाला फोरमन माझ्या मानगुटीवर बसायला टपलाय. म्हणेल, चेअरमननं हिशेबात घोळ केला. घोळ मी केला का? नफा मी फुगवला का?"

"नाही. पण आता कळल्यावर वाटलास, तर तो तूच फुगवलेला असेल."

तो खोक्यावर बसला. असा बसला की तिसरीतला वाटला. एक क्षण मनात आलं, जाऊ दे, वर्षभरात बघू. खरंच आलं. मग मी फाइल उचलली.

"तू बोलणार सभेत?" त्यानं विचारलं.

"मी आरोप करणार नाही. सभासद म्हणून एक प्रश्न विचारीन. उत्तर तू दे."

"आणि मी नाही दिलं तर?"

मी दार उघडून हॉलकडे चालू लागले.

हॉल भरला होता. साफसफाई खात्यातल्या बायकांनी पुढच्या रांगा धरल्या होत्या, वर्कशॉपवाले नेहमीप्रमाणे मागे भिंतीला टेकलेले. टायर विभागाचा फोरमन, ज्याला सगळे टायरवाला म्हणतात, पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. व्यासपीठावर चेअरमनच्या शेजारी खजिनदाराची खुर्ची असते. मी तिच्यावर बसले नाही. सभासदांत, तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसले. धाकट्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान फिरवली.

कोरम झाला. मागच्या सभेचा वृत्तांत वाचून कायम झाला. हॉलमध्ये कुजबूज सुरू होती, पण चांगल्या प्रकारची, पोट भरायच्या आधीची. कोणीतरी ओरडलं, "चेअरमन, लवकर आटपा, पाकिटं वाट बघतायत!" सगळे हसले. धाकटाही हसला. त्याला घाम फुटल्याचं मला इतक्या लांबून दिसत होतं.

"विषय तिसरा," त्यानं वाचलं. "संस्थेचा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक मंजूर करणे. कोणाचे काही प्रश्न?"

मी उभी राहिले. "माझा एक प्रश्न आहे, चेअरमनसाहेब."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. खजिनदारानंच हिशेबावर प्रश्न विचारायचा हे कोणी पाहिलं नव्हतं.

"मालमत्तेच्या बाजूला येणे व्याज दाखवलंय, तीन लाख पंच्याऐंशी हजार. ते कोणाकडून येणे आहे?"

त्यानं अहवाल उचलला, जणू त्याला ती ओळ शोधायची होती. पान उलटलं, पुन्हा पहिल्यावर आला. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो बाई, बसा की, मंजूर करून टाका!" टायरवाल्यानं पायावरचा पाय काढला. मला वाटलं, हा आता 'बँकेकडून' म्हणेल, लोक माना हलवतील, आणि मला पुन्हा उभं राहावं लागेल, त्याला सगळ्यांसमोर खोटा पाडायला. मी मनात म्हणत होते, नको रे, धाकट्या, मला तेवढं करायला लावू नकोस.

"कोणाकडूनच नाही," तो म्हणाला.

त्यानं माईक जवळ ओढला आणि सगळं सांगितलं. बँकेनं आधीच दिलेलं व्याज कसं येणं म्हणून उरलं, नफा कसा फुगला, खरा नफा किती. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, तसा तो बोलला नाही. हळूहळू, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळावं असं बोलला. शेवटी म्हणाला, "बारा टक्के आपण कमावलेलेच नाहीत. वाटले तर आपल्याच ठेवी खाऊ. दुरुस्त ताळेबंद आल्याशिवाय हा विषय मंजूर करता येणार नाही, आणि नफा वाटणीही नाही. सभा तहकूब करावी असं मी सुचवतो. आज पाकिटं नाहीत."

मग जो गदारोळ झाला तो काय सांगू! खुर्च्या सरकल्या. कोणी म्हणालं, मी मुलीच्या फीचं त्यावर ठरवलं होतं. कोणी म्हणालं, सगळे मिळून खातात. टायरवाला उभा राहिला. "हिशेब तपासायला खजिनदार असतो ना? सही कोणाची आहे? बाई झोपल्या होत्या का?"

मी तोंड उघडलं, पण माईक माझ्याकडे नव्हता.

"चेअरमन मी आहे," धाकटा म्हणाला. "जे विचारायचं ते मला विचारा."

"मग सकाळची पाकिटं? ती कशी दिली? ठराव तर झालाच नाही!"

"ती मी दिली, तीही चूक. प्रत्येकाकडून परत आणीन. नाही आली तर माझ्या पगारातून भरीन."

मी पर्स उघडली. नवऱ्याचं पाकीट अजून चिकटवलेलंच होतं. रांगेतून पुढे जाऊन मी ते टेबलावर ठेवलं. धाकट्यानं ते घेतलं, नाव वाचलं, यादीत खूण केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "धन्यवाद, खजिनदार." एक म्हातारा वॉचमन पुढे आला, त्याला रात्रपाळी होती म्हणून सकाळीच मिळालं होतं. त्यानं ठेवलं. दुसरं कोणी आलं नाही. तहकुबीचा ठराव हात वर करून मंजूर झाला, पण जाताना लोक चेअरमनशी बोलले नाहीत. दारात टायरवाल्याभोवती घोळका जमला होता. निवडणुकीचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी धाकटा आणि मी ऑफिसात पाकिटं फोडत बसलो. नोटा काढायच्या, यादीशी ताडायच्या, गठ्ठे बांधायचे, म्हणजे सोमवारी बँकेत भरता येतील. हिशेबनीसाला त्यानंच घरी पाठवलं होतं. मला आतून फार अभिमान वाटत होता, आणि तो त्याला कसा सांगावा याची मी जुळवाजुळव करत होते.

"शाब्बास, धाकट्या," मी शेवटी म्हटलं. "तुझ्या तोंडून झालं, हे चांगलं झालं. वाण्याच्या दुकानासारखं."

त्यानं गठ्ठ्याला रबर लावलं.

"वाण्याचे पैसे मी एकट्यानं घेतले होते, वहिनी," तो म्हणाला. "या ताळेबंदावर सही दोघांची आहे."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मी दोन शब्द सुनावले असते.

"तुझी खुर्ची रिकामी होती ना, सगळे आधी तिच्याकडेच बघत होते," तो म्हणाला. "मी बोललोच असतो गं. तू प्रश्न नसता विचारलास तरी, शेजारी बसली असतीस तरी बोललो असतो. आज तरी आत यायचं होतंस."

मी पुढचं पाकीट उचललं. माझ्याच नावाचं होतं. ते फोडलं, नोटा मोजल्या, चुकल्या म्हणून पुन्हा मोजल्या, आणि त्याच्या हातात दिल्या.